जीन खरंच मिथाइलेशनमुळे बंद झालाय का, हे कसं सिद्ध करायचं: एमएलएच१चं उदाहरण

एपिजेनेटिक्सवर वाचताना एक वाक्य सगळीकडे भेटतं, प्रमोटरवर मिथाइल बसलं की जीन बंद, हिस्टोनवर अॅसिटाइल बसलं की जीन चालू. वाक्य चूक नाहीये पण लॅबमध्ये बसल्यावर ते पुरत नाही, कारण तुमच्या हातात एक बंद पडलेला जीन असतो आणि तो का बंद आहे हे तुम्हाला दाखवायचं असतं. नुसतं मिथाइल सापडलं म्हणून त्यानेच बंद केलं असं होत नाही. ते काढून बघावं लागतं, आणि काढल्यावर जीन परत बोलला पाहिजे.

मी इथे एकच जीन घेतोय, एमएलएच१. डीएनएची कॉपी करताना झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या टीममधला हा एक प्रमुख मेंबर, आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या एका गटात तो बंद पडलेला असतो. हा जीन निवडायचं कारण म्हणजे तो दोन अगदी वेगळ्या कारणांनी बंद पडू शकतो आणि दोन्हीसाठी तयार सेल लाइन आहेत. आरकेओ या सेल लाइनमध्ये जीनचा कोड ठीकठाक आहे पण प्रमोटरवर दाट मिथाइलेशन आहे. एचसीटी११६ मध्ये प्रमोटर स्वच्छ आहे, पण जीनमध्येच २५२ नंबरच्या कोडॉनवर म्युटेशनमुळे स्टॉप आलाय, त्यामुळे प्रथिन अर्ध्यात तुटतं. आणि तिसरी एसडब्ल्यू४८०, जिच्यात जीन चालू आहे. या तिघी शेजारी शेजारी ठेवल्या की प्रयोग स्वतःच बोलतो. सेल लाइन कुठूनही आणा (आपल्याकडे बऱ्याच लॅब पुण्याच्या एनसीसीएसच्या रिपॉझिटरीतून मागवतात), पण आल्यावर एसटीआर प्रोफाइल करून ओळख पक्की करून घ्या, कारण लेबल एक आणि आत दुसरीच लाइन असली तर पुढचं सगळं वाया.

आधी नेमकं काय घडतं ते

सायटोसिन हा डीएनएचा एक बेस, त्याच्या पाचव्या कार्बनला एक मिथाइल ग्रुप लागतो. आपल्या पेशींमध्ये हे मुख्यतः जिथे सायटोसिनच्या लगेच पुढे ग्वानिन असतं तिथे होतं, त्या जोडीला सीपीजी म्हणतात. जीनोममधल्या बहुतेक सीपीजीवर मिथाइल असतंच. पण अर्ध्याहून जास्त जीन्सच्या सुरुवातीला सीपीजीची दाट वस्ती असते, सीपीजी आयलंड, आणि ती नॉर्मली मोकळी असते. एमएलएच१चा प्रमोटर असाच आयलंड आहे. ती वस्ती भरली की गडबड.

नवीन मिथाइल डीएनएमटी३ए आणि ३बी हे एन्झाइम लावतात. पण एकदा लागलेलं टिकतं ते डीएनएमटी१ मुळे. पेशी विभागताना डीएनएचा नवा धागा कोरा असतो, जुन्यावर मिथाइल असतं, अशी अर्धवट जागा यूएचआरएफ१ हे प्रथिन ओळखतं आणि डीएनएमटी१ला तिथे घेऊन येतं, तो नव्या धाग्यावर जुन्यासारखीच खूण करतो. म्हणून मुलगी पेशीतही जीन बंदच राहतो, डीएनएचं एकही अक्षर न बदलता. हा मुद्दा लक्षात ठेवा, औषधाच्या पायरीला सगळं यावरच उभं आहे.

आता हिस्टोन. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं त्यांच्या शेपट्यांवर लायसिन असतात, त्यांच्यावर धन चार्ज असतो आणि डीएनएवर ऋण, त्यामुळे दोघं घट्ट धरून बसतात. पी३०० सारखे एन्झाइम लायसिनवर अॅसिटाइल लावतात, चार्ज जातो, पकड सैल होते, शिवाय ब्रोमोडोमेन असलेली प्रथिनं ते अॅसिटाइल ओळखून तिथे येऊन जीन चालू करायला मदत करतात. एचडॅक नावाचे एन्झाइम हे अॅसिटाइल काढून टाकतात. आणि इथेच दोन्ही गोष्टी जोडल्या जातात. १९९८ साली दोन गटांनी दाखवलं की मिथाइल लागलेल्या सीपीजीवर बसणारं एमईसीपी२ हे प्रथिन एकटं येत नाही, सिन३ए आणि एचडॅक यांना सोबत घेऊन येतं. म्हणजे मिथाइल आलं, त्यावर वाचणारं प्रथिन आलं, त्याने एचडॅक आणलं, एचडॅकने अॅसिटाइल काढलं, न्यूक्लिओसोम घट्ट झाले. कडी घालून वर कुलूप लावावं तसं आहे, अॅसिटाइल गेलं ही कडी आणि मिथाइल हे कुलूप, आणि कुलूप तसंच ठेवून कडी काढायचा प्रयत्न केला तर काय होतं ते पुढे दिसेलच.

पायरी १: जीन खरंच गप्प आहे का आणि कुठल्या टप्प्यावर

आधी आरएनए बघा आणि प्रथिन पण बघा, दोन्ही. बरेच लोक फक्त वेस्टर्न ब्लॉट करून थांबतात आणि तिथेच घोळ होतो. आरकेओमध्ये एमएलएच१चा आरएनए नाही आणि प्रथिन पण नाही. एचसीटी११६ मध्ये प्रथिन नाही पण आरएनए आहे, स्टॉप कोडॉनवाला आरएनए पेशी तोडून टाकते म्हणून थोडा कमी असू शकतो, पण असतो. एसडब्ल्यू४८० मध्ये दोन्ही. म्हणजे नुसत्या वेस्टर्नवर आरकेओ आणि एचसीटी११६ सारख्याच दिसतात आणि कारणं मात्र पूर्ण वेगळी.

आरएनए काढल्यावर डीएनेज ट्रीटमेंट करा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न टाकलेली एक ट्यूब जरूर ठेवा. पुढे औषध दिल्यावर आपण अगदी हलका सिग्नल परत आला का ते बघणार आहोत, तिथे उरलेल्या जीनोमिक डीएनएने सिग्नल दिला तर तुम्ही आनंदात चुकीचा निष्कर्ष काढाल. प्रायमर दोन एक्सॉनमध्ये विभागून घेतले तर अजून बरं.

एक छान जास्तीचा पुरावा फुकट मिळतो. एमएलएच१चा प्रमोटर दुतर्फी आहे, उलट्या दिशेला ईपीएम२एआयपी१ नावाचा जीन त्याच आयलंडवरून सुरू होतो. संपूर्ण आयलंडच बंद असेल तर शेजारीही गप्प असणार, आणि बिघाड फक्त एमएलएच१च्या कोडमध्ये असेल तर शेजाऱ्याला काही फरक पडायचं कारण नाही. एक जास्तीची प्रायमर जोडी टाकली की झालं, मी तर ही कधी वगळू नये असंच म्हणेन.

पायरी २: मिथाइल कुठे आहे ते वाचणं

साधं सिक्वेन्सिंग मिथाइल दाखवत नाही, दोन्ही सायटोसिन तिथे सारखेच दिसतात. म्हणून बायसल्फाइट. सोडियम बायसल्फाइटमध्ये साधं सायटोसिन युरॅसिल बनतं आणि पीसीआरनंतर टी म्हणून वाचलं जातं, मिथाइलवालं मात्र जवळजवळ तसंच राहतं आणि सी वाचलं जातं. छोटं उदाहरण बघा, यात दोन सीपीजी आहेत:

```
original      ACGTCCAGCGTTC
methylated    ACGTTTAGCGTTT
unmethylated  ATGTTTAGTGTTT
```

पहिल्या ओळीतले सीपीजीत नसलेले तिन्ही सी दोन्हीकडे टी झालेत, फरक फक्त सीपीजीच्या दोन जागांवर आहे. आणि तेच तुमचं अंतर्गत चेकिंग सुद्धा आहे, सीपीजीबाहेर सी शिल्लक दिसत असतील तर कन्व्हर्जन अपुरं झालंय, आणि अपुरं कन्व्हर्जन हुबेहूब मिथाइलेशनसारखं दिसतं. खोट्या पॉझिटिव्हचं हे एक नंबर कारण. मुळात डीएनएचे दोन धागे नीट सुटे झाले नाहीत तर बायसल्फाइट आत पोचतच नाही, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडने किंवा उष्णतेने धागे सोडवायची पायरी घाईत उरकू नका, आणि डीएनएमध्ये प्रथिन उरलं असेल तर आधी ते साफ करा.

हल्ली सगळे किट वापरतात, ५०० नॅनोग्रॅमच्या आसपास डीएनए आरामात चालतं. पण रसायन बदलत नाही, बायसल्फाइट डीएनएचे भरपूर तुकडे करतं. त्यामुळे पीसीआरचा तुकडा लहान ठेवा, २०० बेसच्या आसपास, पॅराफिन ब्लॉकमधलं डीएनए असेल तर त्याहून लहान. अजून एक गोष्ट जिच्यावर लोकांचा आठवडा जातो: बरेच हाय-फिडेलिटी पॉलिमरेज साच्यात युरॅसिल दिसलं की अडकून बसतात. कन्व्हर्ट केलेल्या डीएनएवर साधं हॉट-स्टार्ट टॅक वापरा नाहीतर युरॅसिल चालणारं म्हणून विकतात ते.

मग दोन रस्ते. मिथाइलेशन-स्पेसिफिक पीसीआर, म्हणजे एमएसपी, त्यात दोन प्रायमर जोड्या असतात, एक मिथाइलवाल्या रूपाला बसणारी एम आणि एक बिनमिथाइलच्या रूपाला बसणारी यू, आणि जेलवर कुठला बँड येतो ते बघायचं. स्वस्त आणि पटकन. पण एमएसपी फक्त प्रायमरखालचे मोजके सीपीजी बघते आणि फार संवेदनशील असल्यामुळे थोड्याशा मिथाइल कॉपींवरही एम बँड देते, किती टक्के ते सांगत नाही. आकडा हवा असेल तर पायरोसिक्वेन्सिंग करा. माझं मत विचाराल तर चाळणी म्हणून एमएसपी आणि निष्कर्षासाठी पायरोसिक्वेन्सिंग.

कंट्रोल न ठेवता एमएसपी करू नका. पॉझिटिव्हसाठी एसएसएसआय मिथाइलट्रान्सफरेजने सगळे सीपीजी मिथाइल केलेलं डीएनए, निगेटिव्हसाठी एसडब्ल्यू४८० चं, एक पाण्याची ट्यूब, आणि कन्व्हर्ट न केलेलं डीएनए पण एकदा चालवून बघा, त्यावर बँड आला तर प्रायमरच चुकलेत.

प्रमोटरवर प्रायमर कुठे लावलेत यावर तर सगळा खेळ आहे. एमएलएच१चा आयलंड लांब आहे आणि त्याचा वरचा, लांबचा भाग काही वेळा नॉर्मल टिश्यूतही थोडाफार मिथाइल सापडतो, जीन चालू असताना. १९९९ मध्ये दाखवलं गेलं की जीन बंद असण्याशी पक्कं जुळणारा भाग जवळचा एक छोटा पट्टा आहे, -२४८ ते -१७८. प्रायमर त्यावर पाहिजेत. लांबच्या भागावर लावले तर मिथाइल सापडेल पण त्याचा जीन बंद असण्याशी संबंध असेलच असं नाही. अपेक्षित निकाल असा: आरकेओमध्ये फक्त एम, एचसीटी११६ आणि एसडब्ल्यू४८० मध्ये फक्त यू.

पायरी ३: अॅसिटाइल आहे की नाही

यासाठी चिप, म्हणजे क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन. पेशींना १ टक्का फॉर्मल्डिहाइड १० मिनिटं (फ्यूम हूडमध्येच), मग १२५ मिलिमोलर ग्लायसिनने थांबवायचं, सोनिकेट करून २०० ते ५०० बेसचे तुकडे, मग हिस्टोन एच३ च्या नवव्या लायसिनवरचं अॅसिटाइल ओळखणारी अँटिबॉडी, म्हणजे एच३के९एसी, त्याने ओढून आणलेलं डीएनए क्यूपीसीआरने मोजायचं. बफरमध्ये सोडियम ब्युटिरेट घाला, ते एचडॅकला अडवतं, नाहीतर तुम्ही काम करेपर्यंत पेशीतलेच एचडॅक अॅसिटाइल काढत राहतात.

मोजणी इनपुटच्या टक्क्यात करतात. इनपुट म्हणून १ टक्का बाजूला ठेवला असेल तर तो शंभर पट कमी आहे, म्हणून त्याच्या सीटीमधून ६.६४ वजा करायचे:

```
% input = 100 × 2^(Ct_input − 6.64 − Ct_IP)
```

समजा इनपुटचा सीटी २५ आला, वजा करून १८.३६. अँटिबॉडीवाल्या ट्यूबचा सीटी २२.३६ असेल तर फरक ४ चा, म्हणजे ६.२५ टक्के. तोच २७.३६ आला तर फरक ९ चा, म्हणजे ०.२ टक्क्याच्या आसपास, आणि साधी आयजीजी टाकलेल्या ट्यूबचा आकडा पण तेवढाच असेल तर तिथे अॅसिटाइल नाही असं धरायचं. हे आकडे हिशेब समजण्यासाठी घेतलेत. पण जीएपीडीएचच्या प्रमोटरवर भरपूर सिग्नल आलाच पाहिजे, तो तिन्ही लाइनमध्ये चालू असतो, तिथेच नसेल तर अख्खी चिप फसली आहे आणि एमएलएच१बद्दल काहीच बोलता येत नाही.

इथे एक सापळा आहे. चालू एमएलएच१मध्ये जिथून आरएनए सुरू होतो नेमक्या त्या जागेवर न्यूक्लिओसोमच नसतात, जागा मोकळी असते. मिथाइल झालेल्या आरकेओमध्ये मात्र न्यूक्लिओसोम तिथे ठाण मांडून बसलेले असतात. आता तुम्ही प्रायमर बरोबर सुरुवातीच्या जागेवर लावले तर चालू जीनमध्येही एच३के९एसी कमी दिसेल, कारण हिस्टोनच नाही तर अॅसिटाइल कुठून येणार! म्हणून प्रायमर बाजूच्या न्यूक्लिओसोमवर पण ठेवा, आणि एकूण एच३ची चिप सोबत करून त्याच्याशी गुणोत्तर काढा. एकूण एच३ कमी असणं हेच चालू प्रमोटरचं लक्षण असू शकतं.

पायरी ४: काढून बघा

आतापर्यंत मिळालं ते सगळं नुसतं जुळणं आहे. आरकेओमध्ये मिथाइल आहे, अॅसिटाइल नाही, आरएनए नाही. कोण कोणामुळे, ते आता ठरवायचं.

दोन औषधं लागतात. ५-अझा-२'-डीऑक्सीसायटिडिन, दवाखान्यात डेसिटाबिन म्हणतात ते, रक्ताच्या एमडीएस या आजारावर वापरतात. ते सायटोसिनसारखं दिसतं म्हणून डीएनए बनताना आत घुसतं, आणि डीएनएमटी१ त्यावर काम करायला गेला की तिथेच चिकटून अडकतो आणि नष्ट केला जातो. म्हणजे औषध जुनं मिथाइल खरवडून काढत नाही, पुढच्या विभागणीत नव्या धाग्यावर खूण करणारा उरत नाही एवढंच, मिथाइल पिढीगणिक विरत जातं. म्हणूनच पेशी विभागत असल्या पाहिजेत. फ्लास्क गच्च भरलेला असेल, पेशी थांबलेल्या असतील, तर औषध कितीही चांगलं असो काही होणार नाही. प्रयोग फसण्याचं कारण शोधताना आधी हेच बघा. दुसरं औषध ट्रायकोस्टॅटिन ए, टीएसए, ते एचडॅकला अडवतं.

आरकेओच्या चार प्लेट करा, पेशी विरळ, साधारण पाव भाग भरेल एवढ्याच. पहिलीत फक्त डीएमएसओ. दुसरीत ५-अझा १ मायक्रोमोलर, तीन दिवस, आणि रोज मीडियम बदलून ताजं औषध घालायचं कारण पाण्यात ३७ अंशाला ते टिकत नाही. स्टॉक डीएमएसओमध्ये करून छोट्या वाट्यात -८० ला ठेवा, एकदा वितळवलेली वाटी परत गोठवू नका. तिसरीत फक्त टीएसए ३०० नॅनोमोलर, शेवटचे २४ तास. चौथीत ५-अझा पण आणि शेवटचे २४ तास टीएसए पण. सगळ्या प्लेट एकाच वेळी काढायच्या. हेच चारही एचसीटी११६ वर समांतर. ५-अझा पेशींना विषारी आहे आणि आपल्यालाही, ग्लोव्हज घाला, कचरा सायटोटॉक्सिकमध्ये.

निकाल काय येतो? १९९९ साली नेचर जेनेटिक्समध्ये कॅमरन आणि सहकाऱ्यांनी आरकेओमध्ये हेच दाखवलं होतं आणि मला अजूनही हा प्रयोग फार सुंदर वाटतो. नुसत्या टीएसएने एमएलएच१ उठत नाही. हिस्टोनवर एकूण अॅसिटाइल वाढतं, इतर जीन्स उठतात, पण दाट मिथाइल असलेला हा जीन हलत नाही. ५-अझाचा कमी डोस दिला की जीन थोडासा जागा होतो. आणि आधी ५-अझा, मग टीएसए दिलं की आवाज चांगला वाढतो, दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त. म्हणजे अशा जीनमध्ये मिथाइलचा शब्द वरचढ, एचडॅक बंद ठेवण्यात खरोखर भाग घेतो पण मिथाइल थोडं सैल झाल्यावरच ते दिसतं. डोस जास्त ठेवला तर एकटं ५-अझाच जीनला पुरेसं उठवतं आणि टीएसएची भर झाकली जाते, म्हणून तुम्हाला ही जुगलबंदी बघायची असेल तर १ मायक्रोमोलरऐवजी १०० ते २०० नॅनोमोलरची एक प्लेट पण ठेवा.

एचसीटी११६ मध्ये चारही प्लेटमध्ये पूर्ण प्रथिन येत नाही. यायलाच नको. तिथे आलं तर अँटिबॉडी दुसरंच काही पकडतेय किंवा पेशी मिसळल्यात.

नुसता आरएनए परत आला यावर थांबू नका. त्याच प्लेटमधलं डीएनए बायसल्फाइट करून बघा, आधी फक्त एम होता तिथे आता एम आणि यू दोन्ही दिसले पाहिजेत. एम पूर्ण जाणार नाही, तीन दिवसांत सगळ्या पेशींतून सगळं जात नाही. आरएनए आला पण एमएलएच१च्या प्रमोटरवर यू अजिबात नाही, तर ५-अझाने दुसरंच काहीतरी चालू करून आडमार्गाने परिणाम केला असू शकतो, कारण हे औषध अख्ख्या जीनोमवर चालतं, तुमच्या जीनपुरतं नाही. ही या प्रयोगाची खरी मर्यादा आहे. फक्त एकाच प्रमोटरवरचं मिथाइल काढायचं असेल तर निकामी कॅस९ला टेट१ जोडून तिथेच पाठवायची पद्धत आहे, खर्चिक आहे पण पुरावा जास्त पक्का.

आणि औषध थांबवून दोनतीन आठवडे पेशी वाढवत राहिलात तर जीन पुन्हा गप्प होत जातो. मिथाइल गेलं तरी दाबून ठेवणाऱ्या इतर हिस्टोन खुणा काही शिल्लक राहतात, प्रमोटर कधी बंद न पडलेल्या प्रमोटरसारखा पूर्ण मोकळा होत नाही. म्हणून किती दिवसांनी मोजलं ते नोंदवहीत नीट लिहा, चौथ्या दिवसाचा आणि विसाव्या दिवसाचा निकाल वेगळा येणारच.

पेशंटच्या टिश्यूवर करताना

पॅथॉलॉजीत हीच चाचणी वेगळ्या प्रश्नासाठी करतात. ट्यूमरमध्ये एमएलएच१चं प्रथिन नाही (सोबत पीएमएस२ पण जातं, कारण जोडीदाराशिवाय ते टिकत नाही), तर हे घराण्यातून आलेलं लिंच सिंड्रोम आहे की ट्यूमरपुरतं मिथाइलेशन? प्रमोटर मिथाइल असेल किंवा बीआरएएफ जीनमध्ये व्ही६००ई म्युटेशन असेल तर बहुतेक वेळा ट्यूमरपुरतंच असतं. दोन्ही नसेल तर रक्तातून जर्मलाइन टेस्ट.

इथे औषध देऊन बघता येत नाही, त्यामुळे वाचन जास्त जपून करावं लागतं. टिश्यूत नॉर्मल पेशी मिसळलेल्या असतातच म्हणून यू बँड नेहमी दिसणार, त्यावरून मिथाइल नाही असं म्हणू नका, ट्यूमरचा भाग किती टक्के आहे ते पॅथॉलॉजिस्टकडून आधी विचारून घ्या. आणि मिथाइल सापडलं म्हणजे लिंच नक्की नाही असंही नाही. काही लिंच पेशंटमध्ये एक कॉपी म्युटेशनने गेलेली असते आणि दुसरी ट्यूमरमध्ये मिथाइलने. क्वचित काहींमध्ये एमएलएच१चं मिथाइलेशन जन्मापासून अंगभर असतं, रक्तातही सापडतं. म्हणून पेशंट तरुण असेल किंवा घरात आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर झालेला असेल, तर ट्यूमरचा रिपोर्ट मिथाइल पॉझिटिव्ह आला तरी रक्तावर तीच मिथाइलेशन टेस्ट आणि जर्मलाइन टेस्ट दोन्हीबद्दल जेनेटिक काउन्सेलरशी बोलून घ्यावं.